पेटीचं आतलं माप

आमच्या मामंजींना रिकामी जागा बघवत नसे. विहिरीच्या काठावर वीतभर माती मोकळी दिसली की तिथं कोथिंबीर पडायची, बांधावर घेवडा चढायचा. एकदा त्यांनी तुळशीवृंदावनाच्या कडेनं लसूण लावला आणि सासूबाईंनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला, असं घरात हसून सांगत. असा माणूस दहा फूट उंचीची रिकामी दगडी खोली रोज जाता-येता बघतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

आमचा मळा नाशिकहून देवळालीकडे जाताना लागायचा. देवळालीच्या छावणीत गोऱ्या साहेबांची मेस होती आणि तिथं आमच्याकडून कोबी, फ्लॉवर, गाजर आणि सॅलडची पानं जायची. मळ्याच्या कोपऱ्यात आधीच्या मालकानं बटाटे ठेवायला बांधलेली ती खोली. भिंती हातभर जाड, छताजवळ दोन लहान खिडक्या, आणि आत ऐन दुपारीही गारवा. थंडीत तर आत गेलं की अंगावर शाल घ्यावी लागे. आमचे हे रोज पहाटे भाजीची गाडी घेऊन मेसवर जात, आणि तिथल्या खानसाम्यानं एक दिवस त्यांच्या कानात अळंबीचं पिल्लू सोडलं. साहेब लोक डब्यातली अळंबी खातात, ताजी मिळाली तर काय वाटेल ते करतील, म्हणे. खानसामा पूर्वी उटीला एका मडमेकडे होता. ती मडम तळघरात अळंबी पिकवायची, त्यामुळे सगळी कृती त्याला तोंडपाठ होती. विलायती बिजाच्या वड्याही तो मागवून देणार होता.

कृतीत घोड्याची लीद लागते हे कळल्यावर मामंजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. छावणीत तोफखान्याचे घोडे होते. लीद म्हणाल तेवढी.

"कुत्र्याच्या छत्र्या खानार का आता लोक?" सासूबाई म्हणाल्या. "खावा कोनाला खायच्या त्या. माझ्या चुलीवर नाय चढायच्या."

मी तेव्हा या घरात नवी होते. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मला हिशेब येत होता आणि तोंडही होतं. माहेरी दोन्हीचं कौतुक व्हायचं. सासरी पहिल्याचा उपयोग व्हायला थोडा वेळ लागला, दुसऱ्याचा अनुभव मात्र लगेच आला.

मामंजींनी कोळसा घेऊन खोलीच्या भिंतीवर गणित मांडलं. खोली वीस फूट लांब, चौदा फूट रुंद. अळंबी जमिनीत नाही, लाकडी पेट्यांत लावायची. पेटी तीन फूट बाय दोन फूट, म्हणजे भरल्यावरही दोन माणसांना उचलता येईल. प्रत्येक पेटीला ते वाफाच म्हणत. एका वाफ्याला सहा चौरस फूट, खोली दोनशे ऐंशी, म्हणजे खाली सेहेचाळीस वाफे. त्यावर असे पाच मजले. दोनशे तीस!

"दोनशे तीस वाफे!" ते ओरडले, तेव्हा बाहेर झाडावरचे कावळे उडाले.

"आणि तोडायला आत कोण जाणार?" मी दारातून विचारलं. "मुंगी?"

क्षणभर वाटलं, आता माहेरची वाट धरावी लागते. पण मामंजींनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कोळसा माझ्या हातात दिला. "मंग तू सांग," म्हणाले. रागावले होते की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

इथं माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं, कारण खरं म्हणजे ही गोष्ट त्यांची आहे. मी त्यांना वन्सं म्हणत असे. त्या माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. सिन्नरला दिलेल्या. पंचमीला म्हणून माहेरी आल्या आणि परत गेल्याच नाहीत. पहिल्या दिवशी विहिरीवर मी त्यांची पाठ पाहिली होती, म्हणून मी कधी कारण विचारलं नाही. सासूबाईंनी पाहिली होती. मामंजींनी पाहिली नसेल, पण त्यांना माहीत होतं. घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कोणी ते बोलत नव्हतं.

खोली आखायचं काम वन्सं आणि मी दोघींनी केलं. दोरी आणि खुंट्या घेऊन. पहिली गोष्ट आम्ही मोजली ती वन्संचा हात. अळंबी तोडायची तर वाफ्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचला पाहिजे, आणि बाकीच्या अळंबीला धक्का न लावता पोचला पाहिजे. त्यांचा हात अलगद दोन फुटांवर पोचे, फार तर वर चार बोटं. म्हणजे भिंतीकडेच्या मांडणीवर पेट्यांची एकच ओळ लावायची. मध्ये मात्र दोन ओळी पाठीला पाठ लावून चालतील, कारण तिथं दोन्ही बाजूंनी हात घालता येतो. भिंतीला अगदी चिकटवायचं नाही, हवा खेळायला अर्धा फूट सोडायचा. मग दोन फुटांची मांडणी, अडीच फुटांचा बोळ, मधली चार फुटांची दुहेरी मांडणी, पुन्हा अडीच फुटांचा बोळ, पुन्हा दोन फुटांची मांडणी आणि भिंतीजवळ अर्धा फूट. बेरीज केली तर बरोबर चौदा. आम्ही दोघी एवढ्या खूश झालो की वन्संनी मला फुगडीलाच ओढलं.

लांबीत दाराजवळ वळायला अडीच फूट सोडले, समोरच्या भिंतीशी अर्धा. उरले सतरा. एका ओळीत पाच पेट्या. दर पेटीला तीन फूट एक इंचाचा गाळा, म्हणजे आत सरकवताना अडायला नको. गाळ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांचे खांब, पाच गाळ्यांना सहा खांब. सगळं मिळून सोळा फूट अकरा इंच. चार ओळींत पाच-पाच म्हणजे एका मजल्यावर वीस.

"आन् पाच मजले," मामंजी म्हणाले.

"चार," मी म्हटलं. पेटी आठ इंच उंच. मजल्या-मजल्यात दोन फूट अंतर ठेवलं तर पेटीवर सव्वा फुटाच्या वर मोकळं राहतं, झारी फिरवता येते, आत डोकावता येतं. पाच मजले कोंबायचे तर मधलं अंतर कमी करायचं, नाहीतर पाचवा थेट छताला न्यायचा. तिथं ऊबही जास्त आणि अडीच फुटांच्या बोळात शिडी लावून चढणार कोण?

"ऐंशी," मामंजी म्हणाले. दोनशे तीसवरून ऐंशीवर येताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आगं, येवढी मोठी खोली आन् ऐंशीच?"

"बाकीची जागा माणसांना लागते, मामंजी."

त्या संध्याकाळी ते ओसरीवर बसून बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग वन्संना हाक मारली. मी भाकऱ्या थापत होते, पण कान तिकडेच होते.

"सिन्नरकरांचा निरोप हाय," ते म्हणाले. "संक्रांत झाली की येनार न्यायला. मी काय सांगू त्येंना? पोर नांदत नाय म्हनून सांगू?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "ऐंशी वाफे म्हंजी रोज दोनदा पानी, दोनदा तोडनी. त्याला घरचं मानूस लागनार. खोली पुरती भरली तर मी सांगंन त्येंना, की माझं काम तुझ्यावाचून आडतंय. आर्धीमुर्धी राहिली तर मंग काय, गडी पुरंल."

माझ्या हातातली भाकरी फाटली. एवढा संताप आला होता मला! मुलीची पाठ काळीनिळी, ते कारण पुरेसं नाही. अळंबीला पाणी घालायचं, ते कारण चालेल. पण वन्संनी मान हलवली आणि आत येऊन माझ्यासमोर बसल्या. "वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "ऐंशी होतील ना गं?"

"होतील," मी म्हटलं. चौदाची बेरीज बरोबर आली होती ना!

मांडण्या गावच्या सुतारानं आमच्या आखणीबरहुकूम खोलीतच उभ्या केल्या. लांब आडव्या पट्ट्या, त्यांना खिळलेले खांब, सगळं अगदी नेमकं. पेट्यांचं काम मामंजींनी जुन्या नाशकातल्या एका मिस्त्रींना दिलं. मिस्त्री धान्याच्या पेट्या, दुकानांचे गल्ले करण्यात नावाजलेले. तळाला फटी ठेवून फळ्या मारायच्या, म्हणजे पाणी निथळेल, हे मी मामंजींकडून त्यांना कळवलं. बाकी काय सांगायचं ते मामंजींनी सांगितलं.

इकडे लिदीचा ढीग तयार होत होता. लीद आणि गव्हाचं काड भिजवून ढीग लावला होता. आतून तो चुलीसारखा तापे, दर चार दिवसांनी फोडून पुन्हा रचायचा. पहिले दिवस वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. हळूहळू तो डोळ्यांना झोंबणारा वास गेला, रंग तपकिरी झाला, मुठीत दाबलं तर नुसता ओलावा लागे, पाणी गळत नसे. खानसामा येऊन हुंगून गेला आणि म्हणाला, "भर दो अब. पडा रहा तो खराब होगा." ढीग तयार झाला की थांबत नाही, तापत आणि कुजत राहतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या पेट्या तीन गाड्यांतून आल्या. देखणं काम. मामंजींनी पहिली पेटी स्वतः उचलली, आमच्या ह्यांनी दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी ती मोठ्या थाटात पहिल्या गाळ्यात सरकवली. पेटी खांबाला धडकली.

त्यांनी ती जरा तिरकी केली, खाली घेतली, वर घेतली, शेवटी मामंजींनी तिला पोटानं रेटा दिला. पेटी ढिम्म. दुसरा गाळा, तिसरा गाळा, तेच. मी माप लावलं. पेटी तीन फूट दोन इंच होती. रुंदीला दोन फूट दोन इंच.

मिस्त्री गाडीबरोबरच आले होते. ते शांतपणे पेटीजवळ बसले आणि फुटपट्टी आतून लावून दाखवली. "ये देखो. तीन फूट. दोन फूट. बरोबर हाय."

"आतून बरोबर हाय!" मामंजी ओरडले. "भायेरून?"

"बाहरसे कौन मापता है, शेटजी? तुम्ही पेटी बोलले ना मला? पेटीचं माप आतलंच आसतं. गेहूं आत भरनार का बाहर?" ते खरंच गोंधळले होते. "चौकट बोलले आसते तर बाहरचं धरलं आसतं मी."

धान्याच्या पेटीत किती मावतं याला किंमत, म्हणून आतलं माप. आमची पेटी दुसऱ्या कशात तरी मावायची होती, म्हणून बाहेरचं. मामंजींनी आयुष्यभर पेट्या आतूनच मोजून घेतल्या होत्या. या वेळीही "तीन बाय दोनची पेटी" एवढंच म्हणून मोकळे झाले, आणि एक-एक इंचाच्या फळ्यांनी आम्हांला बाहेर ठेवलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. ऐंशी पेट्या उसकटून पुन्हा ठोकायच्या? मिस्त्री म्हणाले, "होईल, पन टाइम लागंल," आणि तेवढा वेळ ढिगाला नव्हता. पेट्या आडव्या फिरवायच्या? मग भिंतीकडच्या वाफ्यात सव्वातीन फूट आत हात घालायचा, आणि तसा हात आमच्या घरात कोणाचाच नव्हता. गाळेच रुंद करायचे? दर गाळा दोन-तीन इंचांनी वाढवला तर ओळ सतरा फुटांच्या बाहेर जाते आणि दारापुढं वळायची जागा खाते.

"चार बसवा वळीत," मामंजी शेवटी म्हणाले. "चौसष्ट होत्याल. काय करता?" मग जरा थांबून, कोणाकडेही न बघता म्हणाले, "चौसष्टाला गडी पुरंल."

मी वन्संकडे बघितलं नाही. मला धीरच झाला नाही.

माणसं चहाला ओसरीवर गेली. मी रागानं धुमसत अंगणात उभी होते. माझी बेरीज बरोबर होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. तेवढ्यात खोलीतून लाकूड घासल्याचा आवाज आला. आत जाऊन बघते तर वन्सं पेट्या ओढून बोळात जमिनीवर एकापुढे एक मांडत होत्या, शेजारच्या मांडणीच्या अगदी कडेला. पाच पेट्या चिकटून मांडल्या आणि त्या उभ्या राहून बघत राहिल्या. पाचवी पेटी संपली तिथून पुढं मांडणी अजून फूटभर उरली होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पेट्या मावतायत गं. खांब मावत नाहीत."

मी माप लावलं. पाच पेट्या पंधरा फूट दहा इंच. मांडणी सोळा फूट अकरा. गाळे प्रत्येकी इंचभर कमी पडत होते, म्हणजे पाच गाळ्यांत पाच इंच. आणि एक-एक खांब तीन इंच खात होता. दोन खांब काढले की सहा इंच मोकळे. पाच हवे होते, सहा मिळत होते. गाळा एका पेटीचा कशाला हवा? दोन पेट्यांचा एक, पुन्हा दोन पेट्यांचा एक, आणि शेवटी एका पेटीचा. सहाच्या जागी चार खांब. मी एवढं गणित करणारी, पण खांब मी देवासारखे जागच्या जागी धरून चालले होते.

मी ओसरीवर पळत गेले. डोक्यावरचा पदर कधी पडला ते कळलं नाही. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, आत येऊन आडव्या पट्ट्या अंगठ्यानं दाबून बघितल्या आणि म्हणाले, दोन भरलेल्या पेट्यांच्या वजनानं पट्टी वाकेल. मग काढायच्या एका खांबावर हात ठेवून म्हणाले, "हा चिरतो आन् पट्टीच्या खाली मारतो. मंग हत्ती बसवा." पाण्यानं लाकूड फुगतं म्हणून त्यांनी प्रत्येक पेटीच्या टोकांवरून रंधाही फिरवला. आधीच्या खांबांवर एवढा जीव टाकलेला गावचा सुतार जरा हिरमुसला, पण दोघांनी मिळून काम उरकलं.

एक अडचण उरली. पेट्या रुंदीलाही दोन इंच जास्त होत्या. भिंतीकडच्या आम्ही मागे सरकवल्या, ते दोन इंच भिंतीजवळच्या मोकळ्या जागेतून गेले. मधल्या दोन ओळी मात्र बोळात दोन-दोन इंच पुढं आल्या. बोळ राहिला दोन फूट चार इंच. पेटी लांबीनं धरून एकानं पुढं, एकानं मागं चालायचं आणि जागेवर आलं की बाजूला सरकवायची. सगळ्यांना जमलं. मामंजी तिसऱ्या पेटीला अडकले. त्यांना मागं ओढून काढावं लागलं, आणि तेव्हापासून खोलीचा कारभार त्यांनी दारात उभं राहून केला.

ऐंशी. मी दोनदा मोजले, वन्संनी चारदा.

पेट्यांत भरलेली लीद निवल्यावर बिजाच्या वड्यांचे अक्रोडाएवढे तुकडे करून वीत-वीत अंतरावर पुरले. पांढरे धागे सगळीकडे पसरले तेव्हा वर बोटभर मातीचा थर दिला. वन्सं रात्री खिडक्या उघडायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत लावून घ्यायच्या, म्हणजे गारवा दिवसभर आत राहायचा. वरच्या मजल्याला स्टुलावर चढून पाणी, खालच्याला जमिनीवर बसून. त्यांचं गुणगुणणं मी पहिल्यांदा त्या खोलीत ऐकलं. मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले त्या दिवशी त्यांनी सासूबाईंना हाताला धरून आत नेलं. सासूबाई नाकाला पदर लावून गेल्या आणि पदर विसरून बाहेर आल्या. पहिली टोपली मेसवर गेली आणि खानसाम्याचा निरोप आला, आणखी पाठवा.

संक्रांत झाली आणि सिन्नरकर आले. वन्संचे सासरे आणि त्यांचे भाऊ. तिळगूळ झाला, चहा झाला. मग मामंजी त्यांना मळा दाखवत खोलीपर्यंत घेऊन आले. मी आडोशाला उभी राहिले. गरज पडली तर सांगायला सगळे आकडे माझ्या तोंडात तयार होते.

"हे बघा," मामंजींनी सुरुवात केली, "ऐंशी वाफे हायेत. दोन वेळा पानी, दोन वेळा तोडनी. माझं काम पोरीवाचून आडतंय."

पाहुण्यांनी दारातून आत डोकावून बघितलं. "चांगलं हाय की," वन्संचे सासरे म्हणाले. "गडी ठेवा एखादा. काय आवघड हाय त्यात? आमची सून आम्ही नेतो."

मला वाटलं, संपलं. कारण खरंच त्यात अवघड काही नव्हतं. गड्याला महिन्याभरात सगळं आलं असतं.

मामंजी मोजत राहावं तसे खोलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गडी ठेवीन. कामाचं काय, कोनीबी करंल. पोर नाय धाडनार मी. तुमचा पोरगा मारतो तिला." आवाज चढला नव्हता. "ह्ये मी पंचमीलाच बोलायला पायजे होतं."

पाहुणे बरंच बोलले, समाजाचं, पंचांचं. मामंजी दारातून हलले नाहीत. शेवटी ते दोघे मोटार गाठायला निघून गेले.

मी आत गेले. बाहेर बोललेलं सगळं आत ऐकू आलं होतं. वन्संनी टोपली बाजूला ठेवली होती आणि त्या बोळात खाली बसून तोंडावर पदर दाबून रडत होत्या. शेजारी बसायला जागा नव्हती. मी त्यांच्या मागं गेले, पाठीला पाठ लावली आणि तशीच बसून राहिले.